नदीपलीकडचा कळस: दोन ठिकाणांहून उंची मोजताना

नदी न ओलांडता पलीकडच्या देवळाच्या कळसाची उंची कशी काढायची? शाळेत याचं उत्तर ठरलेलं असतं. काठावर उभं राहून कळसाचा उन्नत कोन मोजा, मग सरळ रेषेत मागे सरकून पुन्हा मोजा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) दिव्याची उंची शंकूच्या, म्हणजे उभ्या काठीच्या, दोन सावल्यांवरून काढली आहे, तीही याच जातीची रीत. समजा, पहिला कोन α 20 अंश आला आणि d = 20 मीटर मागे गेल्यावर दुसरा कोन β 16 अंश. मग उंची

h = d / (cot β − cot α) = 20 / (3.487 − 2.747)

म्हणजे नजरेच्या पातळीपासून कळस साधारण 27 मीटर उंच.

आता दुसरा कोन अर्ध्या अंशाने चुकवून बघा. कोनमापक आणि ओळंब्याच्या घरगुती साधनात एवढी चूक सहज होते. 16 ऐवजी 16.5 घेतलं की उत्तर येतं जवळपास 32 मीटर. चूक अर्ध्या अंशाची, फटका पाच मीटरचा! कारण छेदात दोन जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी आहे. आणखी मागे गेलात तर फरक पडतो, पण 60 मीटर मागे जाऊनही तेवढ्याच चुकीला तीनेक मीटरचा फटका बसतोच. शिवाय मागे सरकताना जमीन चढत जाते, काठावर असतं तसंच, आणि सूत्र तर दोन्ही ठिकाणं एकाच पातळीवर धरून चालतं.

म्हणून मी म्हणेन, मागे जाऊच नका, काठाकाठाने चाला. कळसासमोर A खूण करा. कळसाच्या दिशेशी काटकोन करून काठावर 60 मीटरची आधाररेषा आखा. काटकोनासाठी 3-4-5 ची दोरी पुरते. टोकाला B. तिथे आडव्या ठेवलेल्या फळीवर कोनमापक चिकटवा, दोन टाचण्यांतून आधी A आणि मग कळस पाहा. समजा, कोन 51 अंश आला. मग A पासून कळसाखालच्या बिंदूपर्यंतचं आडवं अंतर 60 × tan 51° = 74 मीटर. उन्नत कोन फक्त A वरूनच घ्यायचा, तो 20 अंश. उंची 74 × 0.364, तीच 27 मीटर.

इथे 51 चे 51.5 झाले तर उत्तर अर्धा मीटर हलतं. उन्नत कोनातली अर्ध्या अंशाची चूक पाऊण मीटरपर्यंत जाते. पाच मीटर मात्र कुठेच नाहीत.

राहिला पाया. तो तुमच्या नजरेच्या खाली असणार. A वरूनच त्याचा अवनत कोन घ्या. 3 अंश असेल तर 74 × 0.052, म्हणजे आणखी 3.9 मीटर, एकूण 31 च्या आसपास. डोळ्याची उंची वेगळी मिळवायची गरज नाही, ती यात आलीच. एक खाच आहे: दिसतो तो समोरच्या भिंतीचा पाया, आणि कळस त्याच्या चार-पाच मीटर मागे असतो. पण अवनत कोन एवढा लहान असताना त्याने पाव मीटरच इकडेतिकडे होतं.