बावीस विहिरी आणि एक ईमेल

नमस्कार श्रोतेहो.

माझी सगळी नोकरी भूशास्त्र शिकवण्यात गेली. दरवर्षी जुलै-ऑगस्ट उजाडला, की एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे ईमेल यायला लागायचे. प्रबंधाचा विषय आणि मार्गदर्शक व्हाल का, अशी विचारणा. बहुतेक मेल एका साच्यातले. मला आपल्या विषयात खूप आवड आहे, आपण ज्येष्ठ आहात, कृपया संधी द्यावी. एकदा तर मायन्यात माझ्याच शेजारच्या खोलीतल्या मॅडमचं नाव होतं. मुलाने आधी त्यांना लिहिलं असणार, मग मजकूर तसाच उचलून मला पाठवला. मी तो त्यांना पुढे पाठवून दिला, आणि दुपारच्या चहाला आम्ही दोघं पोटभर हसलो.

आज बोलणार आहे ते एका मुलीच्या मेलबद्दल. खरं तर दोन मेलबद्दल, कारण पहिला तिने मला न पाठवता वर्गातल्या मैत्रिणीला दाखवला होता. पुढे ओळख झाल्यावर तिने तो मलाही वाचायला दिला. त्यात विषय होता, ‘महाराष्ट्रातील भूजल पातळीवर हवामान बदलाचा परिणाम’. ऐकायला भारदस्त आहे. पण हवामानाबद्दल काही म्हणायचं तर निदान तीस वर्षांच्या नोंदी लागतात, आणि हिच्या हातात होते दहा महिने, एक स्कूटी आणि वडिलांची मोजपट्टी. मैत्रीण तिला एवढंच म्हणाली, “अगं, तुझ्या गावच्या विहिरींचं काय ते तू नेहमी सांगतेस, ते लिही ना.”

मग मला आला तो मेल ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातला. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, ‘एम.एस्सी. प्रबंध: पुरंदर तालुक्यातील एका गावातील २२ विहिरी, मार्गदर्शनाची विनंती’. मेल न उघडताच मला कळलं, कोण, कशासाठी आणि काय. आतला मजकूर असा होता:

“आदरणीय सर, गेल्या वर्षी मी आपल्या भूजलाच्या तासांना बसत होते. आमच्या मळ्यात दोन विहिरी आहेत, एकमेकींपासून साधारण दोनशे पावलांवर. एक जानेवारीत तळ दाखवते, दुसरीवर मे महिन्यातही अंजिराची बाग भिजते. गावात म्हणतात, दुसरी पाणाड्याने दाखवली म्हणून. मला वाटतं, दोन्ही वेगवेगळ्या थरांत उतरल्या आहेत. उन्हाळ्यात मी आत उतरून पाहिलं. आटणाऱ्या विहिरीत मुरुमाखाली लगेच एकसंध काळा खडक आहे, दुसरीत भेगाळलेला खडक बराच खोल जातो. गावात अशा २२ वापरातल्या विहिरी आहेत. विहीर कोणत्या खडकात आहे यावरून ती कधी आटेल ते सांगता येतं का, हे मला तपासायचं आहे. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा पातळी मोजेन. पहिली मोजणी पावसाळा संपताच करावी लागेल, म्हणून आत्ताच लिहीत आहे. बोअर किती आणि कुठे आहेत, याचा हिशेब कसा धरायचा ते मला कळलेलं नाही. वीस मिनिटं वेळ देऊ शकाल का? आपल्याकडे जागा नसेल तर तसं कळवा, म्हणजे मी दुसरीकडे विचारेन. सोबत एका पानाचा आराखडा आणि गावचा हाताने काढलेला नकाशा जोडला आहे.”

एवढंच. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

‘आत्ताच लिहीत आहे’ याचं तिने दिलेलं कारण पाहा. विहिरीतलं पाणी पावसाळ्यानंतर सगळ्यात वर असतं आणि तिथून उतरत जातं. ती ऑक्टोबरची पातळी हुकली, की पुढे कितीही मोजा, विहीर किती उतरली ते सांगता येत नाही, कारण कुठून उतरली तेच ठाऊक नसतं. हाच मेल डिसेंबरात आला असता तर मी नाही म्हटलं असतं, आणि ती कितीही हुशार असती तरी म्हटलं असतं. राज्याची भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तालुक्यातल्या सरकारी आकड्यांशी ताळा करण्याची सोयही आपोआप झाली.

दुसरं, जे कळत नव्हतं ते तिने लिहून टाकलं. मुलांना वाटतं, अडचण कबूल केली की सर नापसंत करतील. माझं उलट होतं. ज्या आराखड्यात एकही अडचण नसे, तो लिहिणाऱ्याने विहिरीत डोकावलेलंच नाही, अशी माझी खात्री पटायची. बोअरचा प्रश्न खरा होता. शेजारी तीनशे फुटांचं बोअर चालू असेल, तर विहीर खडकामुळे आटली की बोअरमुळे, हे नुसत्या पातळीवरून सांगणं कठीण.

तरी आराखड्यात दोन चुका होत्या. पहिली बारीकशी. पातळी मोजायची म्हणजे वजन बांधलेली पट्टी कठड्यावरून खाली सोडायची. पण प्रत्येक विहिरीचा कठडा वेगळ्या उंचीचा. कुणाचा गुडघ्याएवढा, कुणाचा कमरेएवढा. ती उंची वजा केली नाही, तर शेजारच्या दोन विहिरींत अर्धा मीटर फरक नसताना दिसतो.

दुसरी चूक मोठी. पंप बंद केल्यावर तासाभरात पाणी किती चढतं, त्यावरून झऱ्याचा जोर ठरवायचा, असं तिने लिहिलं होतं. आता समजा, चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी ४० सेंटिमीटर चढलं आणि आठ मीटर व्यासाच्या विहिरीत १० सेंटिमीटर. पट्टीवर पहिली चौपट जोरकस दिसते. पण व्यास दुप्पट, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ चौपट. हिशेब केला तर दोन्हींत तासाला साधारण पाच हजार लिटर पाणी आलं. जोर सारखाच! विहिरीचा घेर न मोजता नुसती चढ-उतार लिहिली असती, तर अख्खा निष्कर्ष उलटा निघाला असता. शिवाय शेतीची वीज कधी रात्री येते, कधी दिवसा. मोजायच्या आधी पंप किती वेळ बंद होता, ते त्या-त्या मालकाला विचारून वहीत टिपावंच लागतं.

अशा चुका मेलमध्ये असल्या म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. त्या दिसतात, कारण लिहिणाऱ्याने पद्धत उघड लिहिलेली असते. ‘योग्य शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करण्यात येईल’ या वाक्यात चूक शोधून दाखवा बरं!

मी उत्तर चारच ओळींचं दिलं. गुरुवारी चार वाजता या. २२ ही संख्या ठीक आहे, पण बांधीव विहिरी वेगळ्या काढा, कारण दगडी बांधकामामागचा थर दिसत नाही. प्रत्येक विहिरीभोवतीची बोअर नकाशावर टाका. येताना कठड्याची उंची आणि विहिरीचा घेर मोजून आणा.

गुरुवारी ती आली. वहीत २२ ओळी होत्या, त्यातल्या सात विहिरी बांधीव म्हणून खोडलेल्या. उरलेल्या पंधरांपैकी एकीसमोर कठड्याच्या रकान्यात शून्य लिहिलं होतं. मी विचारलं, मोजायची राहिली का? “नाही सर,” ती म्हणाली, “तिला कठडाच नाही. पालथं पडून मोजली. आईने पाय धरले होते.”