आठवा दिवस

या कुंडीत आठ दिवसांपूर्वी मिरचीच्या दहा बिया पेरल्या आहेत. माती अजून सपाट आहे. सात वर्षांची नात रोज सकाळी उठल्याबरोबर इथे येते, कुंडीवर वाकते आणि काहीच नाही असे पाहून परत जाते. पेरणी मात्र आजीने तिच्याच हातून करून घेतली होती. बोटाच्या नखाएवढ्या खोलीवर, म्हणजे जेमतेम अर्धा सेंटीमीटर खाली एकेक बी ठेवायची आणि वरून चाळलेली माती हलक्या हाताने पसरायची, एवढेच ते काम होते.

मिरचीचे बी मुळातच सावकाश उगवते. हवा पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास उबदार असेल, तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. पण सध्यासारख्या गार दिवसांत त्याला दोन आठवडे आणि कधी त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. नातीला हे आकडे ठाऊक नव्हते. पाणी घातले की झाड येते, एवढेच तिला ठाऊक होते. म्हणून ती दिवसातून तीनदा पाणी घालत राहिली.

आठव्या दिवशी दुपारी आजी झोपलेली असताना तिने काडीने माती उकरली. पहिली बी फुगलेली होती, दुसरीही तशीच. तिसऱ्या बीच्या टोकातून पांढरे, दोऱ्याहून बारीक काहीतरी बाहेर आले होते आणि काडी लागताच ते तुटले.

आजी आली तेव्हा नात ती तुटलेली बी तळहातावर घेऊन उभी होती.

"आजी, हिला काहीतरी फुटलं होतं गं. माझ्याकडून तुटलं."

"मूळ होतं ते," आजी म्हणाली. "आधी मूळच येतं. वर काही दिसत नाही, तेव्हा बी खाली पाय रोवत असते."

आजी रागावली नाही, पण तिने समजूतही घातली नाही, आणि तिचे हे वागणे मला फार नेमके वाटते. तिने फक्त मातीत बोट खुपसून दाखवले. चिखल बोटाला चिकटला. बियांनाही श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेला जागा उरत नाही आणि बी उगवण्याआधीच कुजू लागते. ओल आहे पण चिखल नाही, अशा अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात. "बोटाला माती चिकटली तर पाणी नाही. ओली लागली पण सुटून पडली, तरीही नाही. कोरडी लागली, तरच घालायचं," असा नियम आजीने ठरवून दिला.

मग तिने काचेचा एक पेला आणला. आतून ओला कागद लावून काच आणि कागद यांच्यामध्ये चार बिया सरकवल्या आणि म्हणाली, "पाहायचंच असेल, तर इथं पाहा. कुंडीला हात लावायचा नाही."

या पेल्याने नातीचे हात थांबवले, डोळे मात्र कामाला लावले. सहा दिवस काचेमागे फक्त फुगलेल्या बिया होत्या. सातव्या दिवशी एका बीतून मूळ निघाले, आणि बी आडवी असूनही ते वळून खालीच गेले. नातीने पेला उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी मुळाचे टोक पुन्हा खाली वळू लागले होते. ही खोडी आजीने मुद्दाम चालू दिली असावी.

इकडे कुंडीत, पेरणीनंतर तेराव्या दिवशी, माती एका ठिकाणी तडकली आणि कोंबाची कमान वर आली. वाकलेली मान आधी माती सारते आणि नाजूक बीजपत्रे तिच्यामागून ओढली जातात, म्हणून ती खरचटत नाहीत. पुढच्या आठवड्यात एकूण सात रोपे आली. मूळ तुटलेली बी उगवली नाही, आणखी दोन उगवल्या नाहीत. त्या पाण्याने गेल्या की मुळातच पोकळ होत्या, हे सांगता येत नाही.

एका रोपाचे टरफल मात्र बीजपत्रांवर टोपीसारखे अडकून बसले. माती फार उथळ किंवा फार कोरडी असली की असे होते. नातीची बोटे पुढे गेली. टरफल ओढले असते, तर दोन्ही पाने त्याच्यासोबत फाटली असती. तिने हात मागे घेतला आणि आजीकडे पाहिले. आजी काही बोलली नाही. तेव्हा तिने स्वतःच बोट पाण्यात बुडवून एक थेंब त्या टोपीवर सोडला. संध्याकाळी आणखी एक सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोप दोन पाने पसरून उभे होते. टरफल शेजारी मातीवर पडले होते. नातीने ते उचलले, खिशात ठेवले आणि बोटाने माती चाचपून पाहिली. अजून ओली होती. पाण्याचे भांडे तिने भरलेलेच परत नेले.