उन्हाळी नव्हती ती

(दृश्य: शिरोली एमआयडीसी, सकाळची पाळी. भट्टीचा उजेड, घामानं भिजलेल्या पाठी. कुणाचाही चेहरा दिसत नाही.)

शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीसमोर पाळी काढली की अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं. लघवी पिवळीजर्द होते, करताना जळजळते. आपल्याकडं त्याला उन्हाळी लागणं म्हणतात आणि त्यावरचा इलाज घराघरांत पाठ आहे. ताक, सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी. खरीच उन्हाळी असेल तर एक-दोन दिवसांत बरं वाटतं, कारण शरीराला कमी पडत असतं ते फक्त पाणी.

ही गोष्ट 28 वर्षांच्या एका कामगाराची आहे. तो कुणी एक माणूस नाही. अशा दुखण्यात जे वारंवार घडतं, ते एकत्र करून आम्ही ती सांगतोय.

फेब्रुवारीत तो कामासाठी मुंबईला गेला होता. तिथं एका बाईशी संबंध आला, कंडोम वापरला नव्हता. परत आल्यावर चौथ्या दिवशी लघवीला आग व्हायला लागली. पाळीवरचा जोडीदार म्हणाला, "काय नाही रं, उन्हाळी लागलीया. ताक पी दोन दिवस."

ताक प्यायला. तिसऱ्या दिवशी सकाळी चड्डीवर पिवळा डाग होता आणि लघवीच्या तोंडाशी घट्ट पू.

इथं थोडं थांबू, कारण पुढचं सगळं या एका डागापाशी चुकलं. उन्हाळीत पू येत नाही. पाणी कितीही कमी पडलं तरी येत नाही. पू दिसला म्हणजे लघवीच्या नळीला जंतूंची लागण झाली आहे आणि तरुण माणसात ती बहुतेक वेळा शरीरसंबंधातून आलेली असते. पुष्कळ जण त्याला धातू जातोय म्हणतात आणि ताकद वाढवायची औषधं घेत बसतात. उत्तेजना आली असताना येणारा पाण्यासारखा चिकट थेंब हा आजार नसतो. कपड्याला पिवळा डाग पाडणारा पू मात्र आजाराचाच असतो.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचपट्टी, रंगाच्या बाटल्या, सूक्ष्मदर्शक.)

त्या सकाळी तो दवाखान्यात गेला असता तर काय झालं असतं? दोन तास लघवी न करता थांबायला सांगितलं असतं, म्हणजे नळीतला पू धुऊन जात नाही. मग बारीक काडीनं त्यातला थोडा पू काचपट्टीवर पसरून ग्रॅमचा रंग दिला असता. सूक्ष्मदर्शकाखाली पुवाच्या पेशी दिसतात आणि त्या पेशींच्या पोटात गुलाबी दाण्यांच्या जोड्या. घेवड्याचे दोन दाणे तोंडाला तोंड लावून ठेवावेत तशा. हे परम्याचे जंतू, गोनोकॉकस. पुरुषाला पू येत असेल तर ही साधी तपासणी फार भरवशाची आहे आणि तासाभरात उत्तर देते.

तो गेला मेडिकलमध्ये. काउंटरवर गर्दी होती. हळू आवाजात "लघवीला जळजळ" एवढंच म्हणाला आणि पाच गोळ्या घेऊन आला. कोणत्या होत्या ते त्याला आज आठवत नाही. दोन दिवसांत पू आटला. सुटलो म्हणून त्यानं विषय संपवला.

अशा गोळ्यांचं दुहेरी नुकसान असतं. परम्याचा जंतू एकेका औषधाला दाद देईनासा होत गेला आहे. एकेकाळी सर्रास चालणारी सिप्रोफ्लॉक्सासिन त्यावर आता भरवशाची राहिलेली नाही. आणि अर्धवट औषधानं पू दबला, की नंतर केलेल्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, मग ते खरंच गेले की लपले हे सांगता येत नाही. शिवाय परम्याच्या सोबत बऱ्याचदा क्लॅमिडिया हा दुसरा जंतूही येतो. त्याचा पू पातळ आणि थोडा, काही जणांना तर तेवढाही दिसत नाही. या माणसाला पुढं कित्येक महिने सकाळी उठल्यावर पांढरट पाण्याचा एक थेंब यायचा. जळजळ नव्हती म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही.

मुंबईहून आल्याला तीन आठवडे झाले आणि शिश्नावर, पुढच्या कातडीच्या आत, नखाएवढा एक व्रण उठला. कडा टणक, तळ स्वच्छ. जांघेत गाठी हाताला लागत होत्या, आपण अवधाण म्हणतो तशा, पण न दुखणाऱ्या. व्रणही दुखत नव्हता. काहीतरी घासलं असेल म्हणून त्यानं खोबरेल लावलं आणि महिन्याभरात व्रण भरून आला. तेलानं बरा झाला, असं त्याला वाटलं.

ही गरमी होती. वैद्यकीय भाषेत सिफिलिस. लागण झाल्यापासून 10 ते 90 दिवसांत कधीही, सरासरी तीन आठवड्यांनी, तिचा पहिला व्रण उठतो आणि काहीही न लावता तीन ते सहा आठवड्यांत जातो. तो जातो तेव्हा जंतू रक्तात पसरलेले असतात. दुखरे, पाण्याने भरलेले बारीक फोड झुबक्यानं उठले, फुटून चरचरले आणि काही महिन्यांनी पुन्हा आले, तर ते बहुतेक नागिणीच्या जातीच्या हर्पिसचे असतात, आणि ते दुखतात म्हणून माणूस डॉक्टरकडं जातो. गरमीचा व्रण दुखत नाही. म्हणूनच तो घात करतो.

बायको गारगोटीला माहेरी होती, ती पाडव्याला परत आली. तेव्हा व्रण भरत आला होता. मे महिन्यात त्याच्या तळहातावर आणि तळपायावर तांबूस चट्टे उठले. खाज नाही, आग नाही. फाउंड्रीतल्या साच्याच्या वाळूची ॲलर्जी असेल, असं जोडीदार म्हणाला आणि ते पटण्यासारखंही होतं. तेही आपोआप गेले.

(दृश्य: गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. बाकावर बसलेल्या गरोदर बायका. फक्त हात दिसतात.)

जुलैमध्ये बायकोचं गरोदरपणाचं नाव नोंदवलं. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. नोंदणीच्या वेळी प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी व्हावी असा सरकारी कार्यक्रम आहे. तिची सिफिलिसची रेघ उमटली. तिला काहीही होत नव्हतं. नर्सबाईंनी तिला एवढंच सांगितलं, "ताई, घरच्यांना घेऊन या."

तो आला तो असा. आधी त्याला कुणी दम दिला नव्हता आणि समजूतही घातली नव्हती.

सरकारी रुग्णालयांत या आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं. तपासणी आणि औषधं मोफत. तिथल्या समुपदेशक मॅडमनी दार लावलं आणि बायकोला बाहेर बसवून आधी त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. त्यांनी चारित्र्याचं काही विचारलं नाही. "दादा, गेल्या सहा महिन्यांत लघवीच्या जागी काही उठलं होतं का? न दुखणारं, आपोआप गेलेलं?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "व्हय. पण ते बरं झालं की, मॅडम."

त्याचं रक्त घेतलं. गरमीसाठीची व्हीडीआरएल तपासणी 1:64 आली. याचा अर्थ असा, की रक्तातलं पाणी दुप्पट-दुप्पट पातळ करत नेलं तरी 64 पट पातळ होईपर्यंत तपासणी उमटत राहिली. व्हीडीआरएल कधीकधी दुसऱ्या कारणांनीही उमटते, म्हणून टीपीएचए ही दुसरी तपासणी केली. तीही उमटली. टीपीएचए पुढं बहुधा जन्मभर उमटत राहते, आजार बरा झाला तरी. इलाज लागू पडला का, हे बघायचं ते व्हीडीआरएलच्या आकड्यावरून.

काचपट्टीवर पुवाच्या पेशी होत्या, पण घेवड्याचे दाणे नव्हते. पाच गोळ्यांचा इतिहास कळल्यावर डॉक्टरांनी त्यावर विसंबून न राहता परमा आणि क्लॅमिडिया, दोन्हींचं औषध दिलं. सुरक्षा क्लिनिकमध्ये त्याचं राखाडी पाकीट असतं: सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम आणि ॲझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम, समोर बसवून एकदाच घ्यायचं.

एचआयव्हीची तपासणी त्याची संमती घेऊन केली. 2017 च्या कायद्यानं संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत. ती निगेटिव्ह आली, आणि फेब्रुवारीला पाच महिने होऊन गेले होते म्हणून त्या संबंधापुरती एकच तपासणी पुरली. पहिल्या आठवड्यातच आला असता तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागली असती. व्हीडीआरएलचंही तसंच आहे. व्रण उठल्यावर लगेच केली तर ती रिकामी येऊ शकते, तेव्हा एकदा निगेटिव्ह आली म्हणून कागद फाडून टाकायचा नसतो.

मग गरमीचं औषध: बेन्झाथिन पेनिसिलिन, 24 लाख युनिट. दोन्ही कुल्ल्यांत 12-12 लाख. इंजेक्शन दुखतं. आधी ॲलर्जीची विचारपूस होते आणि नंतर थोडा वेळ तिथंच बसवून ठेवतात. त्या रात्री त्याला थंडी वाजून ताप आला आणि तो घाबरला. पण हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. जंतू एकदम मरायला लागले की पहिल्या 24 तासांत असा ताप येऊ शकतो.

बायकोलाही तेच इंजेक्शन दिलं आणि क्लॅमिडिया-परम्याचं औषधही. गरोदरपणात गरमीवर पेनिसिलिनच द्यावं लागतं, कारण ते पोटातल्या बाळापर्यंत भरवशानं पोचतं. उपचार राहून गेले असते तर गर्भपात, पोटातच बाळ जाणं, किंवा आजार घेऊन जन्मणं, यातलं काहीही होऊ शकलं असतं. तिला इंजेक्शन मिळालं तेव्हा तिसरा महिना संपत होता.

तिला खरं कुणी सांगायचं, हा प्रश्न होताच. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, मी खोलीत बसते." त्यानं सांगितलं. ती रडली आणि चार दिवस बोलली नाही. त्या घरात पुढं काय बोलणं झालं ते आम्ही दाखवणार नाही. मुंबईच्या त्या बाईचा नंबर त्याच्याकडं नव्हता. ती आजही उपचाराविना असू शकते आणि यावर क्लिनिककडंही उत्तर नाही.

(दृश्य: जानेवारी. रुग्णालयाचा व्हरांडा. हातात घडी केलेला कागद.)

सहा महिन्यांनी त्याची व्हीडीआरएल पुन्हा केली. 1:64 चा 1:8 झाला होता. आकडा चौपट किंवा त्याहून जास्त उतरला तर उपचार लागू पडले असं धरतात. बाराव्या महिन्यात तो पुन्हा जाणार आहे. सकाळचा पांढरा थेंब ऑगस्टपासून आलेला नाही.

त्याच महिन्यात मुलगी झाली. आई आणि बाळ दोघींचं रक्त एकाच दिवशी घेऊन तपासलं, कारण आईच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय बाळाच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. आईचा 1:4, बाळाचा 1:2. अंगावर पुरळ नाही, यकृत-प्लीहा वाढलेली नाही. डॉक्टरांनी बाळाला तीन महिन्यांनी पुन्हा आणायला सांगितलं आहे, आईकडून आलेला तो अंश उतरत जातो का ते बघायला. ती तारीख त्यानं पाळीच्या कार्डामागं लिहून ठेवली आहे.