सावड: आपल्या ग्रामसंघाचे नाव

श्रोतेहो, नमस्कार. मी तुमच्या गावची सरपंच बोलते आहे. आपल्या गावातील चौदा स्वयंसहायता गटांनी मिळून जो ग्रामसंघ स्थापन केला, त्याचे नाव ठरले आहे: ‘सावड महिला ग्रामसंघ’. हे नाव मी सुचवलेले नाही आणि या संघाची मी पदाधिकारीही नाही. प्रत्येक गटातून आलेल्या दोन-दोन प्रतिनिधींनी बैठकीत चर्चा करून ते निवडले. ते जाहीर करण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले, इतकाच माझा भाग आहे.

बैठकीत सुरुवातीला सावित्रीबाई, जिजाऊ, अहिल्यादेवी ही नावे पुढे आली. आदर सर्वांच्याच मनात होता. परंतु यांतील प्रत्येक नाव आपल्या गावातल्या कुठल्या ना कुठल्या गटाने आधीच घेतलेले आहे. तेच नाव संघाला दिले असते, तर तो त्या एका गटाचा संघ वाटला असता आणि बँकेत दोन खात्यांची गल्लत होण्याची भीती राहिली असती. देवीचे नावही मागे पडले, कारण गावातल्या सगळ्या वस्त्यांमधल्या बायांना ते सारखेच आपले वाटले पाहिजे, असा आग्रह काही जणींनी धरला आणि तो मला योग्य वाटला.

‘सावड’ हा शब्द एका वयस्कर सदस्येने सुचवला. तेव्हा एका तरुण प्रतिनिधीने स्पष्टपणे हरकत घेतली की, अस्थी सावडतात, मग शुभकार्याला असे नाव कसे द्यायचे? त्यावर आजींनी जे सांगितले, ते येथे जसेच्या तसे सांगते. त्या म्हणाल्या, “अगं, तुझ्या सासूच्या रानात आम्ही चौघी खुरपायला आलो होतो, आणि मग ती आमच्या चौघींच्या रानात एकेक दिवस आली. पैसा कुणी कुणाला दिला नाही, पण दिवस कुणी बुडवला नाही. त्याला सावड म्हणतात.” हरकत घेणारीने ती तिथेच मागे घेतली.

इर्जिकीला माणसे मदतीला येतात, जेवून जातात आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. सावडीत मात्र घेतलेला दिवस फेडावाच लागतो. ग्रामसंघाचा पैसा या दुसऱ्या रीतीने चालतो, म्हणून हे नाव मला फार नेमके वाटते. समजा, संघाकडे एक लाख ऐंशी हजार रुपये आहेत आणि त्यांतून तीन गटांना प्रत्येकी साठ हजार रुपये कर्ज दिले. प्रत्येक गटाने महिन्याला पाच हजार रुपये मुद्दल परत केले, तर व्याज बाजूला ठेवूनही चार महिन्यांत साठ हजार जमतात आणि चौथ्या गटाची पाळी येते. तीनपैकी एका गटाने हप्ते थांबवले, तर त्याच रकमेला सहा महिने लागतात. चौथ्या गटातील महिलेला बियाणे-खतासाठी पैसे हवे असतील, तर या दोन महिन्यांत तिची पेरणी हुकते. म्हणून दुसरा हप्ता चुकताच त्या गटाची नोंदवही तपासायची आणि अडचण खरी आहे की पैसा गटातच अडकला आहे हे पाहायचे, असे बैठकीत ठरले आहे.

आता कागदपत्रांविषयी. नावाचा ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला असून त्याखाली हजर प्रतिनिधींच्या सह्या व अंगठे घेतले आहेत. इंग्रजीत नाव लिहिताना ‘व’साठी ‘व्ही’ वापरायचा की ‘डब्ल्यू’, यावर बराच वेळ गेला. हा वेळ वाया गेला असे मी मानत नाही. ठरावात एक अक्षर, पासबुकावर दुसरे आणि पॅन कार्डावर तिसरे असेल, तर आलेला निधी परत जाऊ शकतो. शेवटी ‘डब्ल्यू’ ठरला आणि तो ठरावातच अक्षरशः लिहून घेतला. रबरी शिक्का, बँक खाते, पॅन आणि पावतीपुस्तक, सगळीकडे तेच नाव राहील. खात्यावरून पैसे काढताना अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांच्यापैकी दोघींच्या सह्या लागतील.

गटांच्या अध्यक्षांना माझी एक विनंती आहे. तुमच्या पुढच्या साप्ताहिक बैठकीत हे नाव मोठ्याने वाचून दाखवा आणि ‘आमचा गट सावड महिला ग्रामसंघाचा सभासद आहे’ असा ठराव आपापल्या वहीत घ्या. त्याची प्रत ग्रामसंघाच्या लिपिकेकडे द्या. चौदाही प्रती हाती आल्यावरच खाते उघडण्याचा अर्ज बँकेत जाईल, आणि पहिले कर्ज कोणत्या गटाला द्यायचे हे त्यानंतरच्या बैठकीत प्रतिनिधी ठरवतील.