लोखंड मातीत आहे, पानात नाही

हे पान जरा जवळून बघा. संत्र्याच्या फांदीच्या शेंड्याचं पान आहे, नव्या नवतीचं म्हणजे नुकत्याच फुटलेल्या पालवीचं. पान पूर्ण पिवळं पडलंय पण शिरा मात्र हिरव्यागार, आणि नुसती मधली जाड शीर नाही, तिच्यातून निघालेल्या केसाएवढ्या बारीक शिरासुद्धा, पिवळ्या कागदावर हिरव्या पेनाने जाळी काढावी तशा. आता त्याच फांदीवर एक वीत खाली या. ही मागच्या बहाराची पानं, अजिबात पिवळी नाहीत, गडद हिरवी आहेत.

शेंडा पिवळा आणि खालची पानं हिरवी, लोहाच्या कमतरतेची ही खूण सगळ्यात आधी बघायची. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात, मॅग्नेशियमचंही तसंच. लोहाचं तसं होत नाही, एकदा ज्या पानात बसलं तिथून ते सहसा हलत नाही, त्यामुळे नव्या पानाला मुळाकडून ताजं लोह आलं तरच ते हिरवं होणार. जस्ताची कमतरता पण नव्या पानावर दिसते, पण त्यात पानं लहान आणि अरुंद राहतात, शेंड्याला गुच्छ होतो आणि पिवळेपणा ठिपक्याठिपक्यांचा असतो. लोहाच्या कमतरतेत सुरुवातीला पानाचा आकार नेहमीएवढाच असतो, फक्त रंग जातो. फारच वाढलं तर शिरांचा हिरवा पण जातो, पान हस्तिदंती पांढरं होतं आणि शेंडे वाळायला लागतात.

आपण आत्ता नागपूर जिल्ह्यातल्या काटोल भागात आहोत, संत्र्याचा पट्टा. या बागेत एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते ती म्हणजे सगळी बाग पिवळी नाहीये. वरच्या अंगाच्या ओळी छान आहेत आणि खालच्या सखल कोपऱ्यातली झाडं पिवळी, तिथे पाणी जास्त वेळ थांबतं. बागमालक काका सांगतात, "दोन वर्षं झाली हिराकस टाकतोय आळ्यात, मूठ मूठ, काहीच फरक नाही पडला."

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. मग लोह देऊनही झाड उपाशी का? कुदळ मारा, दिसेल. वरची वीतभर माती काळी, आणि त्याखाली पांढरे खडे लागतात, चुनखडीचे. त्यातल्या एका खड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका... फस्स करून बुडबुडे येतात. हा झाला मोकळा चुना.

खरं तर या मातीत लोह भरपूर आहे, बेसाल्ट खडकापासून झालेली माती आहे ती, लोहाची टंचाई तिला कुठून येणार. पण सामू म्हणजे पीएच एका अंकाने वाढला की पाण्यात विरघळणारं लोह साधारण हजार पटीने कमी होतं, आणि इथे सामू 8 च्या वर आहे. म्हणजे लोह गंजाच्या रूपात तिथेच पडून आहे, मुळाला उचलता येत नाही. संत्र्याचं मूळ तसं गप्प बसत नाही, ते स्वतः आम्ल सोडतं, आजूबाजूची माती थोडी आंबट करतं आणि लोहाचं रूप बदलून आत ओढतं. पण चुनखडीच्या मातीत पाणी साचलं की बायकार्बोनेट वाढतं आणि मुळाने सोडलेलं आम्ल ते लगेच मारून टाकतं. म्हणून सखल कोपरा पिवळा. आणि काकांचं मूठभर हिराकस सुद्धा त्या मातीत पडल्यावर थोड्याच दिवसांत गंज झालं, म्हणजे आधीच भरपूर होतं त्यातच अजून थोडी भर. कुंडीत गंजलेले खिळे पुरतात त्यानेही ह्याच कारणाने काही होत नाही.

आता खात्री कशी करायची? पान प्रयोगशाळेत द्यावं असं वाटतं, पण पिवळ्या पानातलं एकूण लोह कित्येकदा हिरव्या पानाएवढंच निघतं, ते पानात आलेलं असतं पण कामाला लागत नाही, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका. त्यापेक्षा सोपं काम करा. लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम सायट्रिक अॅसिड आणि मग 5 ग्रॅम हिराकस विरघळवा, आणि ब्रशने एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागावर लावा. आठवडा-दहा दिवसांत तेवढाच अर्धा भाग हिरवा व्हायला लागला, तर दुखणं लोहाचंच.

सायट्रिक अॅसिड आधी का, ते या दोन ग्लासात बघा. दोन्हीत बोअरचंच पाणी आहे. ह्यात नुसतं हिराकस टाकलंय, थोड्या वेळात पाणी तपकिरी आणि तळाला गाळ, म्हणजे लोह ग्लासातच वाया गेलं. ह्या दुसऱ्यात आधी अॅसिड टाकलं, पाणी फिक्कट हिरवं राहिलंय. फवारणीलाही हेच प्रमाण चालतं, 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम हिराकस, ताजं बनवायचं, ऊन उतरल्यावर मारायचं. पण फवारा जिथे पडला तेवढंच पान हिरवं होतं, पुढची नवती परत पिवळी येणार. म्हणजे बहार सांभाळण्यापुरतं ठीक आहे.

मातीतून द्यायचं तर चिलेट लागतं, म्हणजे दुसऱ्या एका रेणूने घट्ट धरून ठेवलेलं, गंज न होणारं लोह, आणि इथे दुकानात नीट विचारा. ईडीटीएवालं लोह स्वस्त असतं, पण ते आम्लधर्मी मातीचं औषध आहे, चुनखडीत कॅल्शियम त्यातल्या लोहाला बाजूला सारून स्वतः जागा घेतं. आपल्याला ईडीडीएचए हवंय. पाण्यात टाकलं की लालभडक रंग येतो. सामू 9 पर्यंत ते लोह सोडत नाही. मोठ्या झाडाला साधारण 50 ते 100 ग्रॅम, पाकिटावरचं प्रमाण बघून, नवती फुटायच्या सुमाराला आळ्यात ओतायचं आणि वरून पाणी द्यायचं, कारण उन्हात उघडं राहिलं तर ते खराब होतं. महाग आहे, आणि पुढच्या हंगामात परत द्यावं लागतं.

मग गंधक टाकून सामूच उतरवला तर? हिशोब करून बघू. एकरभर जमिनीची वरची 15 सेंटिमीटर माती साधारण 9 लाख किलो. त्यात चुना नुसता 1 टक्का धरला तरी 9 हजार किलो, तो संपल्याशिवाय सामू उतरत नाही, आणि तेवढा संपवायला जवळपास 2900 किलो गंधक. ह्या कोपऱ्यासारखी चुनखडी 10 टक्के असेल तर एकरी 29 टन! कोणाला परवडणार.

घरच्या अनंताच्या कुंडीत मात्र हा हिशोब आपल्या बाजूने असतो. अनंताला आंबट माती लागते, आणि बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घालून कुंडीतली माती अल्कधर्मी होते, मग तीच हिरवी जाळी दिसते. तिथे माती बदला, कोकोपीट आणि शेणखत घालून, आणि शक्य असेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी द्या. जमत नसेल तर ईडीडीएचए अगदी चिमूटभर.

काकांच्या कोपऱ्यात आता आधी चर काढायचं काम चाललंय, पाणी थांबू नये म्हणून, आणि खोडाला भिडवून पाणी द्यायच्या ऐवजी दुहेरी आळं, म्हणजे खोडाजवळचं आतलं कडं कोरडं आणि पाणी बाहेरच्या कड्यात. त्यानंतर चिलेट, हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या आंबिया बहाराच्या नवतीला. जी चार झाडं वाळून गेलीत तिथे नवीन लावायच्या आधी त्यांनी तीन फूट खोल खड्डे घेतलेत, व्हिनेगरची बाटली घेऊन. दोन खड्ड्यांत दीड फुटावरच फसफसलं, तिथे संत्रा लावायचा नाही असं ठरलंय. बाकीच्या दोनमध्ये रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमं येतील, हा खुंट चुना त्यातल्या त्यात सहन करतो.