रात्री पोटरीत येणारा गोळा

(दृश्य: जुलै महिना, यल्लूरचं शिवार. गुडघ्याएवढ्या चिखलात भाताची लावणी चालू आहे.)

निवेदन:
यल्लूरचा बासमती बेळगावच्या बाजारात नावाजलेला. तो पिकवायचा तर दिवसभर वाकून, चिखलात पाय रोवून लावणी करावी लागते. संध्याकाळी पाय भरून आले तर नवल नाही. पण साठी ओलांडलेल्या या मावशींचं दुखणं सुरू होतं रात्री दोनच्या सुमाराला. झोपेत पाय ताणला जातो आणि पोटरीत गोळा येतो.

"दगडासारखी घट्ट होतीया पोटरी. हात लावला तरी जीव जातोय," मावशी सांगतात.

झोपेत आपलं पाऊल सैल पडतं, बोटं खाली झुकतात. वरून जड वाकळ असली तर आणखीच. अशा स्थितीत पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो. तो एकदम आवळला गेला की सुटायला वाव राहत नाही. म्हणून त्या क्षणी बोटं आणखी खाली ताणू नयेत. अंगठा वर, नडगीकडे ओढायचा.

(दृश्य: मावशी पलंगावर बसून पावलाला टॉवेल अडकवतात.)

मावशींची सून त्यांना टॉवेल जवळ ठेवायला सांगते. गुडघा सरळ ठेवून तो चवड्यात अडकवायचा आणि दोन्ही टोकं हळूहळू आपल्याकडे खेचायची. उठता येत असेल तर टाच जमिनीला टेकवून उभं राहायचं. बहुतेक वेळा काही मिनिटांत गोळा सुटतो. पोटरी मात्र दुसऱ्या दिवशीही दुखते; ते गोळ्याचंच उरलेलं दुखणं असतं.

मग झोपण्याआधीचा ताण. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभं राहायचं, हात भिंतीला, टाचा जमिनीलाच, आणि पुढे झुकायचं. पोटरी ताणली जाते तिथं दहा सेकंद थांबायचं. असं तीनदा. नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या लोकांवर 2012 साली असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवडे रोज झोपताना पोटऱ्या आणि मांड्यांचा मागचा भाग ताणणाऱ्यांना गोळे कमी आले. सगळ्या अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही, पण खर्च काही नाही आणि अपायही नाही. मला हाच उपाय आधी करून बघावासा वाटतो.

(दृश्य: औषधांचं दुकान. पाटीवर वर कन्नड, खाली मराठी.)

गावात मात्र आधी औषधाच्या गोळ्यांची चर्चा होते. "मॅग्नेशियम घे, कॅल्शियम कमी झालंय." 2020 साली मॅग्नेशियमवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा वयस्क माणसांना रात्री पायात येणाऱ्या गोळ्यांसाठी त्याचा म्हणण्यासारखा फायदा होत नाही, असंच निघालं. जुलाब मात्र होऊ शकतात. केळं खा, हरकत नाही, पण जेवण नीट असलेल्या माणसाचा गोळा केळ्यानं थांबेल हे समजून खाऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमची पावडर किंवा गोळी डॉक्टरांना न विचारता घेणं धोक्याचं. आणि क्विनाइन: मलेरियावरचं हे औषध पूर्वी पायांच्या गोळ्यांवरही देत. त्यानं रक्तातल्या प्लेटलेट कमी होणं, हृदयाचे ठोके बिघडणं असे जीवघेणे प्रकार झाले. या त्रासासाठी ते मागून घेऊ नये.

पाण्याचं काय? लावणीत घाम गाळलेल्या माणसानं पाणी आणि मीठ दोन्ही भरून काढावं; ताकात मीठ घालून पिणं उत्तम. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. पण पुरेसं पाणी पिऊनही गोळे येत असतील, तर आणखी तांब्याभर पिऊन फरक पडेलच असं नाही.

मावशींच्या बाबतीत धागा सापडला तो गोळ्यांच्या पाकिटांत. गोळे सुरू झाले त्याच सुमारास त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी नवी गोळी मिळाली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासलं, पोटॅशियम कमी निघालं, आणि औषध बदलून दिलं. मावशींनी गोळी स्वतःहून बंद केली असती, तर रक्तदाब वाढला असता. म्हणून तपासणीला जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यावीत.

(दृश्य: निपाणीच्या बाजूची तंबाखूची शेतं.)

सगळंच पोटरीचं दुखणं गोळ्याचं नसतं. चालताना पोटरी दुखते, थांबलं की पाच-दहा मिनिटांत दुखायची थांबते, पुन्हा चाललं की पुन्हा दुखते: बिडी-सिगारेट ओढणाऱ्यात आणि मधुमेहींत हे पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. पाय बधिर होत असेल, ताकद जात असेल, किंवा गोळे आठवड्यातून अनेकदा झोपमोड करत असतील, तरी डॉक्टरांकडे जावं. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम किंवा लाल झाली, दुखणं तासन् तास राहिलं, तर चोळत बसू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर लगेच 108 ला फोन करा.