उंग, हाइट, काइट: जर्मन नामांच्या शेपट्या

श्रोतेहो, नमस्कार.

सुरुवातीला मी एक असा शब्द उच्चारते जो मराठीत नाहीच: टुरवणूक. अर्थ तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही, कारण तो मी आत्ताच रचला. तरी कोणी हटकलंच तर तुम्ही सांगाल की टुरवणे नावाचं काही क्रियापद असणार आणि ते करण्याला टुरवणूक म्हणत असणार. शिवाय 'तो टुरवणूक' असं तुमच्या तोंडून निघणार नाही. ती टुरवणूकच. फसवणूक, नेमणूक, वागणूक लहानपणापासून कानावर पडत आल्या, त्यामुळे 'णूक' ऐकताच निम्मं काम आपसूक होतं.

जर्मन शिकणाऱ्यांनी हाच कान थोडा तिकडे वळवायचा आहे. आपल्या 'णूक'चं काम तिथे 'उंग' करतं. शेवटचा ग जवळजवळ गिळायचा, नाकातच संपवायचा. वोनेन म्हणजे राहणे, त्यावरून वोनुंग, म्हणजे राहतं घर, फ्लॅट. हाइत्सेन म्हणजे गरम करणे, त्यावरून हाइत्सुंग, म्हणजे हिवाळ्यात घर उबदार ठेवणारी यंत्रणा. आणि ही सगळी नामं आपल्या णूकवाल्या नामांसारखीच स्त्रीलिंगी, म्हणजे तिकडे ज्यांच्या आधी 'दी' हे उपपद लागतं त्या घरातली. जर्मनमध्येही मराठीसारखीच तीन लिंगं, आणि ती पाठ करताना विद्यार्थी मेटाकुटीला येतात. तिथे एक शेपटी दिसली की लिंगाचा प्रश्न मिटतो, ही काही लहान सवलत नाही.

अनोळखी शब्द फोडायची कृती सोपी आहे. उंग काढा, उरलेल्याला 'एन' किंवा नुसता 'न' जोडा आणि असं क्रियापद ओळखीचं आहे का ते पाहा. मात्र क्रियापद सापडलं म्हणजे अर्थ हाती आला असं नाही. रेश्नेन म्हणजे हिशेब करणे. मग रेश्नुंग म्हणजे हिशेब करण्याची क्रिया? बहुतेक वेळा नाही. हॉटेलात जेवण झाल्यावर वेटरकडे मागतात ती रेश्नुंग, म्हणजे बिल. क्रियेचं नाव क्रियेतून निघालेल्या वस्तूला चिकटलं. आपण तरी काय करतो? तांदूळ निवडायला बसलेल्या आजीला कोणी 'निवडणूक चालली आहे' असं म्हणत नाही. म्हणून क्रियापद मिळालं की स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायचा: इथे क्रिया आहे, की तिची जागा, साधन किंवा कागद? उत्तर शेजारचं वाक्य देतं.

आता दुसरी जोडी. हाइट आणि काइट ही आपली 'पणा' आणि 'ता'. विशेषणाला लागतात आणि गुणाचं नाव तयार करतात. फ्राय म्हणजे मोकळा, फ्रायहाइट म्हणजे स्वातंत्र्य. क्रांक म्हणजे आजारी, क्रांकहाइट म्हणजे आजारपण. क्वचित हाइट नामालाही लागतं: किंड म्हणजे मूल, किंडहाइट म्हणजे बालपण. हाइट हा फार पूर्वी स्वतंत्र शब्दच होता, रीत, स्थिती अशा अर्थाचा. इंग्रजीतल्या चाइल्डहुडमधलं 'हुड' त्याचंच भावंड.

मग काइट वेगळं कशाला? वर्गात हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर मला स्वतःला फार आवडतं. मध्ययुगीन जर्मनमध्ये काही विशेषणांच्या शेवटी 'एक' असा प्रत्यय असे, आजचा 'इग' तो हाच. त्याच्यापुढे हाइट आलं की बोलण्याच्या ओघात त्यातला क आणि पुढचा ह एकजीव व्हायचे. ऐकणाऱ्याला वाटलं, प्रत्ययच 'काइट' आहे! पुढे तो स्वतंत्रपणे वापरात आला. म्हणून आजही इग, लिश, बार, झाम अशा शेवटांच्या विशेषणांना काइट लागतं. आइनझाम म्हणजे एकटा, आइनझामकाइट म्हणजे एकटेपणा. इथेही सगळी नामं स्त्रीलिंगी, आणि इथेही गुणाची वस्तू होते. झ्यूस म्हणजे गोड, पण झ्यूसिशकाइट म्हणजे गोडवा नव्हे, चक्क गोळ्या-चॉकलेटं. हिंदीतल्या 'मीठा'पासून आलेली आपली मिठाई आठवा.

कुठे फसायला होतं तेही सांगते. श्प्रुंग म्हणजे उडी. त्यातलं उंग हा प्रत्यय नव्हेच, ते शब्दाचं अंगच आहे. उंग काढलं तर 'श्प्र' एवढंच उरतं, ज्याला काही अर्थ नाही, आणि शब्दही पुल्लिंगी. त्साइटुंग म्हणजे वर्तमानपत्र. त्साइट म्हणजे वेळ हे माहीत असलेला विद्यार्थी खूश होतो, 'वेळोवेळी येतं ते वर्तमानपत्र!' चूक. हा शब्द बातमी अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला, त्साइटशी त्याचा थेट संबंध नाही. आणि क्युंडिगुंग. मूळ अर्थ कळवणे, जाहीर करणे. कोणाला वाटेल, कसलीशी माहिती असेल, आणि तो कागद खणात जाईल. प्रत्यक्षात ती घर किंवा नोकरी संपवण्याची नोटीस असते. मूळ कळलं तरी असा शब्द कोशात पाहायलाच हवा.

आता एक मोठा शब्द, जर्मनीत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना आजारी पडल्यावर हमखास भेटणारा. हळूच म्हणते: आर्बाइट्सउनफेइशकाइट्सबेशाइनिगुंग. घाबरू नका, आपण तो शेवटाकडून सोडवू, कारण जर्मन समासात आपल्या राजवाड्यासारखं शेवटचं पद मुख्य असतं.

फोडायची जागाही शब्दातच आहे. समासात उंग, हाइट किंवा काइटनंतर दुसरं पद आलं की मध्ये एक 'स' येतो. तेव्हा लांब शब्दात 'उंग्स', 'हाइट्स', 'काइट्स' दिसलं की तिथे शिवण आहे असं धरा. आपल्या शब्दात काइट्सपाशी शिवण उसवली की मागे उरतं बेशाइनिगुंग. उंग काढलं, एन लावलं: बेशाइनिगेन. आत शाइन आहे, म्हणजे दाखल्यासारखा कागद. तर बेशाइनिगेन म्हणजे लेखी दाखला देणे, आणि बेशाइनिगुंग म्हणजे तो दाखला. पुन्हा क्रियेचा कागद झाला, पाहा.

आता पुढचा भाग. आर्बाइट म्हणजे काम, त्यालाही जोडणारा स लागला आहे. फेइश म्हणजे समर्थ, लिहिताना शेवटी 'इग' असलेला, म्हणून काइट लागलं. फेइशच्या आधी 'उन', हे नकाराचं, आपल्या 'अ'सारखं. उनफेइशकाइट म्हणजे असमर्थता. सगळं जोडा: काम करण्यास असमर्थ असल्याचा दाखला. म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट! पूर्वी तो पिवळ्या कागदावर मिळायचा, म्हणून लोक त्याला 'पिवळी चिठ्ठी' म्हणत. 2023 पासून सरकारी आरोग्य विम्यातल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही माहिती कंपनी विमा संस्थेकडून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मागवून घेते. शब्दाची लांबी मात्र तेवढीच राहिली आहे.

आणि या लांबलचक शब्दाचं लिंग कोणतं, ते आता तुम्हीच सांगा. शेवटी उंग आहे. नमस्कार.